नॉरएथिस्टेरॉनने पाळी पुढे ढकलणे

प्रवास, सणवार, लग्नकार्य, परीक्षा किंवा क्रीडास्पर्धा अशा कारणासाठी अपेक्षित पाळी काही दिवस लांबवण्याकरिता नॉरएथिस्टेरॉन या कृत्रिम प्रोजेस्टोजेनच्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखे काम करणाऱ्या औषधाच्या, गोळ्या घेण्याची पद्धत. या कामासाठीची नेहमीची मात्रा 5 मि.ग्रॅ.ची एक गोळी दिवसातून तीनदा अशी असते. गोळ्या पाळी अपेक्षित असलेल्या दिवसाच्या तीन दिवस आधी सुरू करतात आणि पाळी नको आहे तोवर चालू ठेवतात. थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. नॉरएथिस्टेरॉन 1951 मध्ये मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले. पुढे ते गर्भनिरोधक गोळ्यांतही आले, परंतु तेथील मात्रा फार लहान असते. केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या रोजच्या गर्भनिरोधक गोळीत ते 0.35 मि.ग्रॅ. असते, तर पाळी लांबवताना दिवसभरात 15 मि.ग्रॅ. पोटात जाते. सुरक्षिततेचे बहुतेक प्रश्न मात्रेतल्या या फरकातून उभे राहतात.

पाळी कशी लांबते हे समजले की तीन दिवस आधीच का, याचे उत्तर मिळते. बीजोत्सर्गानंतर अंडाशयात पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो. या संप्रेरकाच्या आधाराने गर्भाशयाचे आतले अस्तर टिकून राहते. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, ऊती विरघळवणारी विकरे जागी होतात आणि अस्तर सुटू लागते. म्हणजे रक्त दिसण्याच्या दीडदोन दिवस आधीच आतले काम सुरू झालेले असते. माकडांवरील प्रयोगांत प्रोजेस्टेरॉन काढून घेतल्यावर सुमारे 36 तासांच्या आत ते परत दिले तर पाळी टळली, त्यानंतर दिले तर टळली नाही. नॉरएथिस्टेरॉन ही उतरती जागा भरून काढते, पण एकदा सुटायला लागलेले अस्तर ते पुन्हा चिकटवू शकत नाही. पाळीच्या आदल्या दिवशी घाईने घेतलेली गोळी फसते ती याच कारणाने. गोळी ‘लागू पडली नाही’ असे तेव्हा म्हटले जाते, पण बहुतेकदा ती उशिरा सुरू झालेली असते.

लांबलेल्या पाळीचे रक्त आत साचून राहते आणि त्याने अंगाला अपाय होतो, अशी भीती अनेकींना वाटते. गोळ्या चालू असताना अस्तर जागच्या जागी राहते, रक्तस्राव सुरूच झालेला नसतो, त्यामुळे साचायला काही नसते. गोळ्या थांबल्यावर येणारा रक्तस्राव मात्र नेहमीपेक्षा थोडा जास्त असू शकतो.

दिवस मोजण्याची रीत एका उदाहरणाने पाहू. एकीची मागची पाळी 14 मे रोजी सुरू झाली आणि तिचे चक्र 28 दिवसांचे आहे, म्हणजे पुढची पाळी 11 जूनला अपेक्षित. तिला 16 जूनपर्यंत पाळी नको आहे. तिने गोळ्या 8 जूनपासून सुरू कराव्यात. 8 ते 16 जून हे नऊ दिवस, रोज तीन, एकूण 27 गोळ्या. शेवटची गोळी 16 तारखेच्या रात्री. रक्तस्राव साधारण 18 किंवा 19 जूनला येईल, आणि 19 ला आला तर पुढची पाळी तिथून मोजायची, म्हणजे सुमारे 17 जुलै. कॅलेंडरवर जुनी तारीख धरून बसल्यास पुढच्या महिन्यात गोंधळ होतो.

आता हेच चक्र अनियमित असते, गेल्या काही महिन्यांत कधी 26 तर कधी 31 दिवसांनी पाळी आली असती, तर काय? सरासरी काढणे इथे उपयोगाचे नाही. सगळ्यांत लहान चक्र धरायचे. 26 दिवसांनी पाळी 9 जूनला येऊ शकते, म्हणून सुरुवात 6 जूनला आणि गोळ्या 33. दोन दिवस आधी सुरू केल्याने नुकसान फारसे नाही, दोन दिवस उशीर झाला तर सगळा बेत कोसळतो. चक्रांत महिना-दीड महिन्यांचा फरक पडत असेल तर मात्र अशा मोजणीत अर्थ उरत नाही. तेव्हा आधी अनियमिततेचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे.

थांबवण्याची तारीख ठरवतानाही चूक होते. कार्यक्रम 16 तारखेला संपतो म्हणून त्या रात्री गोळ्या बंद केल्या आणि परतीचा लांबचा प्रवास 18 ला असला, तर रक्तस्राव नेमका वाटेत सुरू होतो. घरी पोहोचण्याचा दिवस धरून शेवटची गोळी ठरवावी. मर्यादाही लक्षात ठेवावी: या गोळ्या सलग साधारण दोन आठवड्यांहून जास्त काळ स्वतःच्या मनाने घेऊ नयेत आणि दर महिन्याला हा उपाय करू नये. पाळी वारंवार लांबवायची गरज पडत असेल तर डॉक्टर दुसरा मार्ग सुचवू शकतात.

तीन गोळ्यांमधले अंतर सारखे राखणे महत्त्वाचे आहे. सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10 अशा वेळा सहज पाळता येतात. प्रवासात दुपारची गोळी विसरते ती विसरतेच, म्हणून मोबाइलवर गजर लावून ठेवणे बरे. विसरलेली गोळी आठवल्याबरोबर घ्यावी, पण पुढचीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती गोळी वाया गेली असे समजून दुसरी घ्यावी. वेळ चुकल्याचे पहिले चिन्ह म्हणजे तपकिरी किंवा गुलाबी डाग. थोडेसे डाग अनेकींना दिसतात आणि गोळ्या वेळेवर चालू ठेवल्यास ते बहुधा थांबतात. नेहमीच्या पाळीसारखा रक्तस्राव सुरू झाला तर मात्र मनानेच मात्रा वाढवू नये.

सुरक्षिततेतली सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट ही की हे औषध केवळ प्रोजेस्टोजेन म्हणून वागत नाही. शरीरात त्याचा थोडा भाग एथिनिलएस्ट्रॅडिओल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गर्भनिरोधक मिनी-गोळीच्या मात्रेत हे प्रमाण नगण्य असते. पण रोज 10 ते 20 मि.ग्रॅ. घेतल्यावर होणारा इस्ट्रोजेनचा परिणाम 20 ते 30 मायक्रोग्रॅम एथिनिलएस्ट्रॅडिओल असलेल्या संयुक्त, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेल्या, गर्भनिरोधक गोळीच्या आसपास जातो. त्यामुळे संयुक्त गोळीत जसा शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो, तसा इथेही धरावा लागतो. निरोगी तरुण स्त्रीसाठी काही दिवसांचा हा धोका लहान असतो. पण ज्या कारणासाठी गोळी घ्यायची तो प्रवासच चार तासांहून लांबचा असला आणि तासन्‌तास एका जागी बसून काढायचा असला, तर बसून राहणे स्वतःच गुठळीला मदत करते. दोन्ही गोष्टी एकत्र येतात, हे मला या विषयात सर्वांत आधी सांगावेसे वाटते. प्रवासात दर तासा-दीड तासाने उठून चालावे, बसल्या जागी पावलांची हालचाल करत राहावी, पाणी पुरेसे प्यावे.

काही स्त्रियांनी ही गोळी अजिबात घेऊ नये. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, गुठळ्या होण्याचा आनुवंशिक दोष असेल, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या रेघा दिसणारी अर्धशिशी असेल, यकृताचा आजार चालू असेल, स्तनाचा कर्करोग असेल किंवा झालेला असेल, योनीतून होणाऱ्या रक्तस्रावाचे कारण कळलेले नसेल किंवा गर्भ असण्याची शक्यता असेल तर ती टाळावी. जवळच्या नातेवाइकाला तरुण वयात गुठळी झाली असेल, वजन बरेच जास्त असेल, 35 वर्षांपुढे वय असून धूम्रपान चालू असेल किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगायला हवे. अशा वेळी इस्ट्रोजेनमध्ये न बदलणारे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन 10 मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा हा पर्याय डॉक्टर विचारात घेतात. क्षयावरचे रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे नॉरएथिस्टेरॉन लवकर मोडून टाकतात आणि पाळी वेळेआधी येऊ शकते. दुकानात गोळी मागताना ही माहिती कोणी विचारत नाही, म्हणून ती आपणहून सांगावी.

गोळी चालू असताना किंवा बंद केल्यावर एका पोटरीत सूज, दुखणे आणि ऊब जाणवणे, अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत टोचणे, पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे किंवा बोलणे जड होणे, डोळे पिवळे होणे यांपैकी काही झाले तर गोळी थांबवून लगेच रुग्णालयात जावे. पोट फुगणे, स्तन दुखणे, मळमळ, मन उदास होणे हे नेहमीचे त्रास याहून वेगळे आहेत, आणि ते गोळी संपली की जातात.

ही गोळी गर्भनिरोधक नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. पाळीच्या तीन दिवस आधी गोळी सुरू होते तेव्हा बीजोत्सर्ग बहुधा होऊन गेलेला असतो. गर्भ राहिला असेल तर गोळी त्याला अडवत नाही आणि न आलेली पाळी गोळीमुळे आली नाही असेच वाटत राहते. त्यामुळे शक्यता असेल तर सुरुवातीआधी गर्भधारणा चाचणी करावी आणि गोळ्या चालू असताना निरोध वापरावा. सुरुवातीआधीची चाचणी नकारात्मक आली तरी ती पाळीच्या तारखेआधीची असल्याने पूर्ण खात्री देत नाही. गोळ्या थांबवून आठवडाभरात रक्तस्राव झाला नाही तर चाचणी पुन्हा करावी. हीच संधी अनेकींच्या हातून निसटते, कारण प्रवास संपला की औषधाचा विषयच संपतो.

संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या आधीच चालू असणाऱ्यांना नॉरएथिस्टेरॉनची गरज नसते. 21 गोळ्यांचे पाकीट संपल्यावर सात दिवसांची सुट्टी न घेता लगेच पुढचे पाकीट सुरू केले की पाळी लांबते. 28 गोळ्यांच्या पाकिटात शेवटच्या औषधाविना असलेल्या गोळ्या सोडून द्यायच्या, पण काही ब्रँडमध्ये त्यांची संख्या सातपेक्षा कमी असते, तेव्हा पाकिटावरचा नकाशा आधी पाहावा. नॉरएथिस्टेरॉन आणि नॉरएथिस्टेरॉन अ‍ॅसिटेट यांचीही गल्लत होते. नावे जुळती असली तरी दोन्हींची मात्रा मि.ग्रॅ.ला मि.ग्रॅ. अशी बदलता येत नाही, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचे वेळापत्रकही तीनदा नसते. गोळीच्या पट्टीवर लिहिलेले पूर्ण नाव, मात्रा आणि वापराची तारीख वाचून मगच ती पिशवीत टाकावी. तीही प्रवासाच्या दिवशी नव्हे, तर पाळीच्या तारखेआधी निदान आठवडाभर. तारीख मोजायला आणि डॉक्टरांना विचारायला तेवढा अवधी लागतो.