मेसेजमधले सूचक बोलणे

दोघांना एकमेकांविषयी ओढ आहे, दोघांनाही ती जाणवली आहे, पण कोणीच तिचा उच्चार केलेला नाही, अशा काळात मेसेजमधून हलकी रोमँटिक धग टिकवून ठेवण्याची रीत. मुंबईत याला लोक ‘काहीतरी चालू आहे’ म्हणतात, मैत्रिणी ‘नुसतंच चालू आहे’ म्हणतात, आणि ज्यांचे चालू असते ते ‘काही नाही गं, सहज बोलतो आम्ही’ म्हणतात. तिन्ही वर्णने खरी असतात. एकतर्फी प्रेमात पाठवलेले मेसेज किंवा नव्या ओळखीत केलेली फ्लर्टिंग या नोंदीत येत नाही. इथे ओढ दोन्हीकडून आहे, हे गृहीत आहे.

दोघांनाही ठाऊक आहे तर लपवायचे काय, असा प्रश्न पडतो. त्याचे चांगले उत्तर स्टीव्हन पिंकर, मार्टिन नोवाक आणि जेम्स ली यांच्या आडवळणाच्या बोलण्यावरील २००८ च्या निबंधात मिळते. त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा असा की एखादी गोष्ट दोघांना माहीत असणे वेगळे आणि ती दोघांमध्ये उघड असणे वेगळे. ‘तो मला आवडतो हे त्याला कळले असावे’ इथपर्यंत माघारीची वाट मोकळी असते. शब्द उच्चारले गेले की ‘त्याला कळलेय हे मला कळलेय’ अशी साखळी पक्की होते आणि जुने नाते जसेच्या तसे परत मिळत नाही. सूचक मेसेज ही साखळी मुद्दाम अपुरी ठेवतो.

मराठी वाचकाला यात परके असे काही नाही. माहाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत एक बाई वाटसरूला सांगते की इथे सासू झोपते, इथे मी. दिवसाउजेडी नीट पाहून ठेव, रात्री आंधळ्यासारखा आमच्या अंथरुणावर पडू नकोस. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीचे, म्हणजे शब्दांमागे सूचित होणाऱ्या अर्थाचे, उदाहरण म्हणून ही गाथा घेतली, कारण वाच्यार्थ मनाईचा आहे आणि सूचित अर्थ आमंत्रणाचा. सासूने ऐकले असते तरी तिला दोष काढता आला नसता, आणि रचनेचे मर्म तेच आहे. मुंबईत सासूच्या जागी लोकलमध्ये खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावणारा सहप्रवासी असतो, किंवा वन रूम किचनमध्ये टेबलावर ठेवलेल्या फोनच्या स्क्रीनवर आलेली ओळ वाचणारी आई. कोणी वाचले तरी चालेल असे लिहिण्याची सवय या शहरात जागेच्या टंचाईनेही लावली आहे.

रचनेचा कणा एकच आहे: साधा अर्थ खरोखर साधा हवा. म्हणजे दुसऱ्याने फक्त तोच अर्थ घेऊन उत्तर दिले, तरी संभाषण अडखळता कामा नये. त्यावर एखादा बारीक तपशील असा ठेवायचा की त्याचे वजन फक्त त्या दोघांनाच कळावे. प्रशंसा, बदामाच्या इमोजी, रात्री साडेअकराचे ‘झोपलीस का?’ हे सगळे या कसोटीवर नापास होते, कारण त्यांना साधा अर्थच नसतो. ‘झोपलीस का?’चे उत्तर ‘नाही’ दिले तरी ते काहीतरी कबूल केल्यासारखेच होते.

एक प्रसंग उलगडून पाहू. ती मुलुंडची, तो गोरेगावचा, भेट एका मित्राच्या केळवणाला दादरमध्ये. परतताना पश्चिम रेल्वेच्या फलाटावर दोघे बोलत उभे राहिले. बोलण्याच्या नादात तो समोर आलेल्या विरार फास्टमध्ये चढला. ती गाडी गोरेगावला थांबत नाही, त्यामुळे बोरिवलीला उतरून त्याला उलटे यावे लागले. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी तिचा मेसेज येतो: ‘आज विरार फास्ट नाही ना पकडलीस?’

वरवर ही थट्टा आहे. आत तीन गोष्टी आहेत: ती संध्याकाळ तिला आठवते, त्याची घरी जायची वेळ तिच्या लक्षात आहे, आणि गाडी का चुकली तेही तिला माहीत आहे. आता त्याने ‘नाही’ लिहून चार हसरे चेहरे टाकले, तर दार बंद होते. पुढचे बोलणे पुन्हा तिनेच सुरू करायचे. ‘तुला माझी फारच आठवण येते वाटतं’ असे लिहिले तर त्याहून वाईट, कारण त्याने तिचे झाकलेले पान उघडून तिच्यासमोर धरले. आता तिला एक तर हो म्हणावे लागेल किंवा ‘काहीही काय’ म्हणावे लागेल, आणि बहुतेक जणी दुसरेच म्हणतात. नवखे लोक इथेच सर्वांत जास्त घसरतात. दुसऱ्याचे सूचक बोलणे फोडून सांगणे त्यांना धीटपणा वाटतो, प्रत्यक्षात जोखीम सगळी समोरच्यावर ढकललेली असते.

त्याने लिहिले: ‘नाही. आज लक्ष विचलित करणारं कोणी नव्हतं.’ साधा अर्थ गाडी नीट पाहिली एवढाच. पण चूक कशामुळे झाली, हे त्याने स्वतःकडून मान्य केले, म्हणजे तिने टाकलेल्या पावलाएवढे पाऊल त्यानेही टाकले. ती म्हणाली, ‘मग वेळेत पोचला असशील. अभिनंदन.’ तो: ‘पोचलो. मजा नाही आली.’ इथे ती थांबली, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही लिहिले नाही. हे थांबणेही बरोबर आहे. चढत्या क्रमाच्या दोन ओळी झाल्यावर तिसरी ओळ बहुतेक वेळा ओढूनताणून येते.

शुक्रवारी तिने लिहिले, ‘रविवारी मेन लाइनवर मेगाब्लॉक आहे म्हणे.’ तो: ‘मग मुलुंडहून दादरला कोण येणार आता.’ ती: ‘कारण असेल तर येतात माणसं.’

या ओळीनंतर काय होते, त्यावर पुढचे बरेच अवलंबून असते. तिने वाट करून दिली आहे. त्याने आणखी एक चटकदार वाक्य टाकले तर ते वाक्य कितीही छान असो, तिला कळते की याला बोलण्याचीच हौस आहे. त्याने लिहिले: ‘साडेपाचला ये. ब्लॉक तोवर संपलेला असतो. पियूष माझ्याकडून.’ ठिकाण, वेळ, निमित्त, आणि नाही म्हणायलाही सोपे: ‘रविवारी घरी पाहुणे आहेत’ म्हटले की कोणाचाच अपमान होत नाही. प्रेमाचा शब्द आजही उच्चारला गेला नाही, पण गोष्ट मोबाइलच्या बाहेर आली. अधूनमधून असे एखादे खरे पाऊल पडले नाही तर सूचक बोलणे स्वतःवरच जगू लागते आणि शिळे होते. विनोद तेच राहतात, उत्तरे लहान होतात, आणि एक दिवस विरार फास्टवर कोणालाच हसू येत नाही.

उत्तराला मुद्दाम उशीर करण्याचा सल्ला या विषयात हमखास मिळतो, आणि त्याला आधार म्हणून एक प्रयोग सांगितला जातो. व्हिटचर्च, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ४७ विद्यार्थिनींना काही तरुणांची फेसबुक प्रोफाइले दाखवली होती. हे तरुण आपल्याला पसंत करतात की नाही, याबद्दल ज्यांना अनिश्चित ठेवले त्यांना ते सर्वांत जास्त आवडले. पण ते तरुण पूर्ण अनोळखी होते. शिवाय गुरित बर्नबॉम आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासांत उलट कल दिसला: समोरच्याचा रस पक्का कळला की आकर्षण वाढले. आपल्या प्रसंगात तर ओढीबद्दल शंका नाहीच, अनिश्चित आहे ते फक्त नाव. त्यामुळे चार तास मोजून उत्तर देणारा मनुष्य चुकीच्या जागी अनिश्चितता पेरतो. त्यातून ओढ वाढत नाही, ‘याला खरंच आवडते का मी?’ एवढेच उरते.

मुंबईत तर याची गरजच नाही. तुडुंब डब्यात हात खिशापर्यंत पोचत नाही, बोगद्यात रेंज जाते, ऑफिसात मीटिंग असते. अंतर आपोआप पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या टिका आल्यापासून मात्र ‘वाचलं पण उत्तर नाही’ ही अवस्था दिसू लागली. अनुभवी लोक इथे एक साधी गोष्ट करतात: ‘आत्ता चढतेय, उतरले की बोलते’ एवढे लिहितात. यात गूढ काही नाही, पण उतरल्यावर बोलायचे आहे हे कळते आणि मधला अर्धा तास छान जातो. पाठवून मग सगळ्यांसाठी डिलीट करणे मात्र टाळावे. डिलीट केल्याची खूण मागे राहते आणि समोरचा रात्रभर कल्पना करत बसतो.

भाषेची सरमिसळही हत्यारासारखी वापरली जाते. ‘आज तुला मिस केलं’ हे ऑफिसच्या ग्रुपवरही चालते, म्हणून ते हलके. ‘तुझी आठवण आली’ लिहिताना बोट थबकते, कारण ते ग्रुपवर कोणी लिहीत नाही. हलक्या शब्दांवरून जड शब्दांवर कोणी कधी आले, हे त्या दोघांना नेमके लक्षात राहते.

बिघाड ओळखायला मजकुरापेक्षा पुढाकार पाहावा. गेल्या काही संभाषणांची सुरुवात कोणी केली, प्रश्नाला परत प्रश्न येतो का, आधीच्या बोलण्यातले काही समोरच्याने स्वतःहून उचलले का? सगळे एकाच बाजूने चालले असेल, तर ज्याला ‘गोड अनिश्चितता’ म्हटले जाते तो दुसऱ्याचा नम्र नकार असू शकतो. सूचक आमंत्रणाला नकार देण्याची सोय असते, तशी सूचक नकाराचीही दखल घ्यावी लागते. एक बाजू दुसऱ्याची वरिष्ठ असेल तर ही रीत लागूच होत नाही, कारण कनिष्ठाला साधा अर्थ निवडून बाजूला होण्याची मोकळीक उरत नाही. संवादाचे स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या किंवा मित्रांच्या ग्रुपवर गेले, तरी खेळ मोडतो. दोघांपुरता असलेला अर्थ दहा जणांनी सोडवला की पुढचा मेसेज त्या दहा जणांसाठी लिहिला जाऊ लागतो.

ही अवस्था किती दिवस चालावी, याचे माप नाही. मात्र दोघांपैकी एकाने सरळ विचारले की ती त्या क्षणी संपते. ‘आपलं नक्की काय चाललंय?’ हा प्रश्न आला आणि उत्तर ‘विरार फास्ट चाललीय’ असे दिले, तर वाक्य चलाख असले तरी विचारणारीने मोठ्या कष्टाने गोळा केलेला धीर वाया गेला. प्रश्न आला तेव्हा लगेच उत्तर द्यायचे नसेल, तर ‘विचारलंस ते बरं झालं. रविवारी भेटून सांगतो, मेसेजवर नाही’ हेही सरळ उत्तरच आहे, अट एवढीच की रविवारी सांगायचे.