दादरचं मेडिकल शोधताना अंधेरी का मध्ये येते

दादर स्टेशनच्या बाहेर उभं राहून मॅपमध्ये "जवळचं मेडिकल" टाकलं की क्षणात लाल टिकल्या दिसतात. समजा त्या मॅपकडे मुंबईतल्या एक लाख दुकानांची यादी आहे, प्रत्येकापुढे फक्त दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. आपल्याला ५०० मीटरच्या आतली दुकानं हवीत. सरळसोट उपाय म्हणजे एक लाख वेळा अंतर मोजायचं, आणि हे एका माणसासाठी चालेलही, पण संध्याकाळी सहा वाजता एकाच वेळी हजारो लोक हेच विचारत असतील तर सर्व्हर बसणारच.

मग पहिला विचार येतो की यादी क्रमाने लावू. रेखांशाप्रमाणे लावली, दादर ७२.८४३ वर आहे, आजूबाजूचा अर्धा-अर्धा किलोमीटर म्हणजे साधारण ७२.८३८ ते ७२.८४८ एवढाच तुकडा काढायचा, झालं ना काम? नाही झालं, कारण आपली मुंबई उभी आहे. त्याच पट्ट्यात वांद्रे स्टेशन येतं, सांताक्रूझ येतं, पार्ले येतं आणि अंधेरीसुद्धा येतं. सगळी एका रेषेत लटकलेली. दादरचं मेडिकल शोधायला अंधेरीची दुकानंही तपासायची हा काय शोध झाला! अक्षांशाने लावलं तर इथे कमी त्रास होतो, पण मूळ अडचण तीच राहते. क्रम एकाच दिशेने लावता येतो आणि जागा तर दोन दिशांना पसरलेली असते.

आता लायब्ररीत या. समजा कोणी येऊन विचारलं, "१९५० ते १९६० मधली, १०० ते १५० पानांची पुस्तकं द्या." पुस्तकं सालाप्रमाणे लावली असतील तर दहा वर्षांची सगळी पुस्तकं काढून प्रत्येकाची पानं बघा. पानांप्रमाणे लावली असतील तर सगळ्या काळातली बारकी पुस्तकं काढून साल बघा. दोन्हीकडे तीच मरमर.

तर असं करू. साल आणि पानं दोन्ही जवळपास असलेली पुस्तकं एका फळीवर ठेवू आणि फळीवर चिठ्ठी चिकटवू: "साल १९५२ ते १९५८, पानं ९० ते १६०". मग अशा जवळजवळच्या फळ्या एका कपाटात, आणि कपाटाच्या दारावर त्यातल्या सगळ्या फळ्या मावतील अशी मोठी चिठ्ठी. कपाटांचं दालन, दालनाच्या दारावर अजून मोठी चिठ्ठी. आता शोधणारा दालनाची चिठ्ठी वाचतो, आपल्या मागणीशी ती कुठेच जुळत नसेल तर आत पायसुद्धा ठेवत नाही. जुळली तर कपाटांच्या चिठ्ठ्या, मग फळ्यांच्या, आणि पुस्तक हातात घेऊन बघायची वेळ येते ती अगदी शेवटी.

हाच आर-ट्री. १९८४ मध्ये अँटोनिन गटमन यांनी तो मांडला, आर म्हणजे रेक्टँगल, आयत. साल आणि पानांच्या जागी अक्षांश आणि रेखांश ठेवा की प्रत्येक चिठ्ठी म्हणजे नकाशावरचा एक आयत होतो, आणि मोठ्या आयतात छोटे, छोट्यांत दुकानं.

हिशोब करून बघू. एका फळीवर १०० नोंदी धरल्या तर एक लाख दुकानांना १००० फळ्या लागतील, त्यांची १० कपाटं आणि वर एक दालन. दादरचा छोटा चौकोन घेऊन निघालो, दारावर १० कपाटांच्या चिठ्ठ्या वाचल्या, दोन जुळल्या. त्या दोन कपाटांत २०० फळ्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या, समजा चार जुळल्या. त्या चार फळ्यांवरची ४०० दुकानं तपासली. एकूण ६१० तपासण्या, एक लाखाच्या जागी. आणि चौकोनाच्या कोपऱ्यातली दुकानं ५०० मीटरच्या बाहेर असू शकतात म्हणून खरं अंतर मोजायचंच, पण ते फक्त शेवटी हाताला लागलेल्या मोजक्या दुकानांचं.

दोन कपाटं का जुळली, एकच का नाही? कारण इथे चिठ्ठ्या एकमेकींवर चढू शकतात, आणि मला वाटतं आर-ट्री समजायचा तर हे नीट समजायला हवं. नवीन पुस्तक आलं की ते अशा फळीवर जातं जिची चिठ्ठी सगळ्यात कमी वाढवावी लागेल, आणि फळी भरली की तिच्या दोन करायच्या. आता १९५५ चा १२०० पानांचा एक शब्दकोश आला आणि तो चुकून बारक्या पुस्तकांच्या फळीवर गेला, तर त्या फळीची चिठ्ठी "पानं ९० ते १२००" अशी होते. एकच पुस्तक, पण आता ३०० पानांचं मागा, ७०० पानांचं मागा, प्रत्येक वेळी ती फळी उघडावी लागणार आणि हात रिकामेच येणार. उत्तर चुकत नाही, वेळ जातो. फळीचे दोन भाग कसे करायचे यावर म्हणूनच लोकांनी खूप डोकं लावलंय, १९९० चा आर-स्टार-ट्री हा त्यातला गाजलेला प्रकार, तो आयत एकमेकांवर कमी चढतील असं बघतो.

दुकान म्हणजे ठिपका, त्याचं सोपं आहे. पण रेल्वेलाइन? इथे मी स्वतः अडकलो होतो. माझ्या नकाशात मध्य रेल्वेची सीएसएमटी ते कल्याण ही आख्खी लाइन एकच वस्तू म्हणून ठेवली होती. ही लाइन तिरकी जाते, तिच्याभोवतीचा आयत साधारण ३३ किलोमीटर उंच आणि ३१ रुंद, म्हणजे हजार चौरस किलोमीटर, आणि आत लाइन म्हणजे नुसता दोरा. त्या आयतात वाशी येते, ऐरोली येते, खाडी येते. वाशीत उभं राहून "एक किलोमीटरच्या आत कुठली लाइन आहे" विचारलं की मध्य रेल्वेची मुख्य लाइन दरवेळी उमेदवार म्हणून पुढे यायची, तिच्या सगळ्या वळणांसकट अंतर मोजलं जायचं आणि मग ती बाद व्हायची. आधी मी इंडेक्सलाच, म्हणजे या चिठ्ठ्यांच्या रचनेलाच, दोष देत होतो.

पोस्टजीआयएस, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाच्या कामासाठी लावायची जोडणी, वापरत असाल तर इंडेक्स कामाला लागलाय का हे असं बघता येतं:

```sql
EXPLAIN ANALYZE
SELECT naav FROM line_tukde
WHERE ST_DWithin(geog,
  ST_MakePoint(72.998, 19.065)::geography, 1000);
```

उत्तरात `Seq Scan` दिसलं तर आख्खी लायब्ररी चाळली जातेय. टेबल अगदी छोटं असेल तर ते ठीकच आहे, शंभर पुस्तकांना चिठ्ठ्या कशाला. पण मोठ्या टेबलावर दिसलं तर आधी इंडेक्स बनवलाय का ते बघा, आणि मग अट बघा. `ST_Distance(...) < 1000` असं लिहिलं की डेटाबेस प्रत्येक ओळीचं अंतर मोजत बसतो, चिठ्ठ्या वाचतच नाही, `ST_DWithin` मात्र वाचतं. माझ्याकडे मात्र `Index Scan` दिसत होतं, म्हणजे इंडेक्स चालू होता, तरी वेळ लागत होता, कारण चिठ्ठीच अवाढव्य होती.

शेवटी लाइन कापली. सीएसएमटी ते मस्जिद एक तुकडा, मस्जिद ते सँडहर्स्ट रोड दुसरा, असं करत कल्याणपर्यंत. नोंदी वाढल्या, पण प्रत्येक तुकड्याचा आयत दोन स्टेशनांपुरता, लाइनला चिकटून. आता वाशीतून विचारलं की मध्य रेल्वेच्या मुख्य लाइनचा एकही तुकडा पुढे येत नाही, फक्त वाशीच्या आसपासचे हार्बरचे तुकडे येतात.