एका षटकाचं रेडिओ समालोचन: क्रियापद आधी की शेवटी?

कसोटीत दिवसाची ९० षटकं सहा तासांत टाकायची असतात, म्हणजे षटकाला चार मिनिटं आणि चेंडूला साधारण चाळीस सेकंद. पण वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो. म्हणून रेडिओवर गोलंदाजाचं धावत येणं वर्तमानकाळात, तर फटका भूतकाळात, ही वाटणी आपोआप पडली.

मुंबईच्या सामन्यांचं मराठी समालोचन मध्यम लहरींवर येई. खाऱ्या पाण्यावरून त्या लहरी दूरवर जातात, त्यामुळे किनाऱ्याला ते बरं ऐकू येई. तेव्हाची मराठी नीटनेटकी होती: निर्धाव, पायचीत, त्रिफळा. धावफलकही मराठी पद्धतीने, आधी बळी मग धावा: '२ बाद ६१'.

वाद आहे तो वाक्यरचनेचा. 'फलंदाजाने पुढे सरसावत ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू कव्हरमधून सीमेपार धाडला' हे वाक्य निर्दोष आहे, फक्त 'धाडला' येईपर्यंत मागचा गलका माइकवर येऊन गेलेला असतो आणि ऐकणाऱ्याला चौकार आधीच कळलेला असतो. म्हणून क्रियापद पुढे आलं: 'मारला! कव्हरमधून, चेंडू सीमेकडे, चौकार!' ही हिंदीची उसनवारी असा आक्षेप घेतात. तो मला पटत नाही, कारण हिंदीतही क्रियापद शेवटीच असतं. आणि 'गेला, गेला, झेल गेला' असं आपण गल्लीतही ओरडतोच की.

कोकणात ही शैली खरी मुरली ती भातकापणीनंतरच्या टेनिस बॉल स्पर्धांत, भोंग्यावर. तिथे दोन चेंडूंमध्ये चाळीस सेकंद मिळत नाहीत, त्यामुळे वर्णन छाटलं गेलं आणि 'पॅव्हिलियन एंड'च्या जागी 'खाडीकडचं टोक' आलं. समजा धावफलक २ बाद ६१ आहे. षटक असं जाईल:

'खाडीकडून धावत येतो... टाकला, तटवला. निर्धाव.'
'हलकेच ढकलला मिडऑनला, पळाले, एक धाव. २ बाद ६२.'
'आखूड! खेचला! डोंगराकडे... चार! ६६.'
'लेगला फार बाहेर, वाइड. ६७, चेंडू मोजायचा नाही.'
'पुन्हा चौथा. सरळ... चुकला... दांडी गुल! ३ बाद ६७.'
'नवा गडी. सोडून दिला.'
'शेवटचा. अडवला. षटकात सहा धावा, एक बळी.'

चौथ्या चेंडूवर 'त्रिफळा' न म्हणता 'दांडी' म्हटलं, त्याचं कारण उघड आहे: दांडी उडालेली दिसते, आणि शब्दही तेवढाच झटकन संपतो. वाइड पडला की मात्र चेंडूंची मोजणी हमखास गडबडते. नवखा समालोचक पुढचा चेंडू पाचवा म्हणून सांगतो आणि धावफलकवाला खालून हात हलवत राहतो.

आता हेच सामने यूट्यूबवर थेट जातात आणि मुंबईतले चाकरमानी लोकलमध्ये बघतात. चित्र समोर असलं तरी भोंग्यावरचा माणूस 'खाडीकडून धावत येतो' हे सोडायला तयार नाही.