उजवीकडे टेकलेली ओळ आणि उजवीकडून चालणारी ओळ

मराठी ओळींच्या शेजारी उर्दू शेर मांडून पोस्टर करायचं असलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. उर्दू मजकूर चिकटवतात, तो निवडतात आणि ‘उजवीकडे’ असं दाखवणारं बटण दाबतात. ओळी उजव्या कडेला जाऊन टेकतात, अक्षरंही उजवीकडून डावीकडे नीट दिसतात, आणि काम झालं असं वाटतं. पण ते बटण ओळ कुठे टेकायची एवढंच सांगतं. ओळ कुठून चालायला लागते, हे वेगळ्या ठिकाणी ठरतं. हा फरक माहीत नसल्यामुळे छापून आलेली पोस्टरं मी पाहिली आहेत, आणि चूक दाखवावी लागते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण मेहनत सगळी केलेली असते.

उदाहरणापुरता मीच रचलेला हा साधा शेर घ्या:

```
نل میں پانی نہیں آیا اب تک
گھر میں کوئی بھی نہ سویا اب تک
```

‘नल में पानी नहीं आया अब तक, घर में कोई भी न सोया अब तक.’ शेजारी मराठीत: ‘नळाला पाणी आलं नाही अजून, घरात कुणी झोपलं नाही अजून.’ समजा दुसऱ्या मिसऱ्याच्या, म्हणजे शेराच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह द्यायचं आहे. उर्दू ओळीचा शेवट डाव्या टोकाला, म्हणून चिन्हही डाव्या टोकाला, ‘तक’च्या पुढे यायला हवं. ओळ नुसती उजवीकडे टेकवली असेल तर ते उजव्या टोकाला, ‘घर’च्या आधी जाऊन बसतं. उर्दू वाचणाऱ्याला ओळ उद्गारचिन्हाने सुरू झाल्यासारखी दिसते.

असं का होतं, ते कळलं की बाकीचं सोपं जातं. युनिकोडमध्ये उर्दू अक्षराला स्वतःची दिशा असते, देवनागरी अक्षरालाही असते. म्हणून अक्षरं कुठेही टाकली तरी आपापल्या दिशेनेच मांडली जातात. उद्गारचिन्ह, कंस, विसर्गासारखं अपूर्णविराम, अवतरणचिन्ह यांना मात्र दिशा नाही. दोन्ही बाजूंना उर्दू अक्षरं असली तर ती उर्दूबरोबर चालतात, पण ओळीच्या टोकाला एकटी पडली की परिच्छेदाची दिशा घेतात. परिच्छेद मराठीच्या दिशेचा राहिला असेल तर शेवट म्हणजे उजवं टोक, आणि चिन्ह तिथे जातं. उर्दूचं उलटं प्रश्नचिन्ह `؟` आणि आडवा पूर्णविराम `۔` यांना मात्र उर्दू अक्षरांसारखीच दिशा आहे, त्यामुळे ती चुकीच्या परिच्छेदातही जागेवरच राहतात. म्हणूनच कित्येकदा चूक लपून राहते. पोस्टरवर नऊ शेर बरोबर आणि दहावाच चुकलेला दिसतो, कारण उद्गारचिन्ह फक्त त्यालाच असतं.

म्हणून तपासणीचा पहिला उपाय असा: प्रत्येक उर्दू ओळीच्या शेवटी तात्पुरतं `!` टाइप करा. ते डावीकडे उमटलं तर दिशा बरोबर आहे, उजवीकडे उमटलं तर ओळ नुसती टेकवलेली आहे. मग खूण काढून टाका. वर्डमध्ये उर्दू कळफलक बसवलेला असेल तर परिच्छेदाची दिशा बदलण्यासाठी `Ctrl` आणि उजवीकडची `Shift` दाबतात. उजवीकडे टेकवण्याची आज्ञा `Ctrl+R` ही अगदी वेगळी आहे. वेबपानावर हाच फरक असा दिसतो:

```
<p lang="ur" dir="rtl">…</p>
<p lang="mr" dir="ltr">…</p>
```

यातला `dir` चालण्याची दिशा सांगतो. `text-align: right` फक्त टेकवतो. ज्या साधनात दिशेची सोयच नाही, तिथे उद्गारचिन्हानंतर न दिसणारी खूण `U+200F` घालावी. तिला उर्दूची दिशा आहे, त्यामुळे चिन्ह दोन उर्दू अक्षरांमध्ये असल्यासारखं वागतं. ओळी थोड्या असल्या तर हे चालतं.

आता मराठी माणसाला हमखास अडवणारी गोष्ट. शेरांना क्रमांक द्यायचे असतात, आणि आपण सवयीने `१)` लिहितो. देवनागरी अंकाला युनिकोडने देवनागरी अक्षरासारखीच डावीकडून उजवीकडे जाणारी दिशा दिली आहे. इंग्रजी `1` ला आणि उर्दू `۱` ला परिच्छेदाची दिशा ठरवण्याइतकं वजन नाही. अनेक साधनं ओळीतलं पहिलं दिशा असलेलं अक्षर पाहून परिच्छेदाची दिशा स्वतः ठरवतात. तिथे `१)` ने सुरू होणारी उर्दू ओळ मराठी समजली जाते आणि टोकाची चिन्हं पुन्हा उजवीकडे जातात. हीच ओळ `1)` ने सुरू केली तर बरोबर दिसते. माझ्या अनुभवात क्रमांक शेराच्या ओळीत ठेवूच नये. त्याला वेगळी चौकट द्यावी, म्हणजे कुठलाही अंक वापरता येतो.

दोन मिसरे एकाच ओळीत ठेवतानाही हीच अडचण येते. मध्ये फक्त `/` असेल तर सगळी उर्दू एकच तुकडा राहते आणि पहिला मिसरा उजवीकडे, दुसरा डावीकडे येतो. हे उर्दू वाचणाऱ्याला हवं तसंच आहे. पण मध्ये ‘आणि’ किंवा देवनागरी अंक आला आणि परिच्छेद मराठी दिशेचा असला, तर दोन वेगळे तुकडे होतात, आणि पहिला मिसरा डावीकडे जाऊन बसतो.

दिशेइतकीच क्रमाचीही काळजी घ्यावी लागते. छापील उर्दूत बऱ्याचदा दोन मिसरे शेजारी-शेजारी मांडतात, आणि त्यात पहिला उजवीकडचा असतो. डावीकडून उजवीकडे पाहणारा मराठी डोळा डावा भाग आधी उतरवून घेतो, आणि शेर उलटा होतो. उर्दू न वाचणाऱ्यालाही हे ओळखता येतं. गझलेच्या मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन्ही मिसऱ्यांच्या शेवटी रदीफ, म्हणजे तेच ते शब्द असतात, पुढच्या प्रत्येक शेरात फक्त दुसऱ्या मिसऱ्याच्या शेवटी. वरच्या उदाहरणात रदीफ `اب تک` आहे. तिचा आकार लक्षात ठेवा आणि प्रत्येक शेराच्या खालच्या ओळीचं डावं टोक पाहा. तिथे रदीफ नसून वरच्या ओळीत असेल, तर मिसरे अदलाबदल झाले आहेत. मराठी अनुवादाची जोडी त्याच वेळी तपासावी, नाहीतर पहिल्या ओळीसमोर दुसऱ्या ओळीचा अर्थ छापला जातो.

पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात आणखी एक धोका असतो. काही फाइलींत उर्दू अक्षरं वाचण्याच्या क्रमाने न साठवता, डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने, म्हणजे डावीकडून साठवलेली असतात. मग चिकटवल्यावर ओळ उलटी होते. जुन्या साधनात ती योगायोगाने बरोबर दिसली, तरी चौकट अरुंद करून पाहा. ओळ मोडल्यावर मिसऱ्याची सुरुवात वर राहायला हवी. शेवट वर गेला, तर मजकूर उलटा साठवलेला आहे. तो दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता हाताने पुन्हा टाइप केलेला बरा, दोन-चार शेरांना वेळ किती लागतो! अक्षरं सुटी-सुटी दिसत असतील तर साधनालाच उर्दू अक्षरं जोडता येत नाहीत, मग दिशा बदलून उपयोग नाही. इनडिझाइनमध्ये `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडला की उर्दू जोडली जाते, आणि देवनागरीही व्यवस्थित राहते.

छापखान्याला फाइल देण्याआधी अक्षरांचे बाह्यरेषांचे आकार करून देतात, म्हणजे ती मजकूर न राहता चित्रासारखी होतात. त्यानंतर उद्गारचिन्हही सहज हलवता येत नाही. त्यामुळे `!` ची तपासणी, रदीफ आणि अनुवादाची जोडी हे सगळं त्या पायरीच्या आधी, आणि शक्य असेल तर उर्दू वाचणाऱ्या कुणाकडून एकदा मोठ्याने वाचून घेऊन उरकावं.