ठिपके जोडलेत की वळसे घातलेत?

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर चेन्नईहून एक फोटो आला. खाली लगेच कौतुक सुरू झालं, 'वा, ठिपक्यांची रांगोळी!' होती खरी ठिपक्यांचीच, पण आपल्याकडची नव्हे. तो सिक्कु कोलम होता. तमिळमध्ये सिक्कु म्हणजे गुंता.

ओळखायचं असेल तर फोटो मोठा करून एकच ठिपका बघा. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्यावरून जाते. 'सात ते चार, मधले ठिपके' म्हटलं की मधल्या ओळीत सात ठिपके येतात, आणि वर-खाली प्रत्येक ओळीतले ठिपके आधीच्या ओळीतल्या दोन-दोन ठिपक्यांच्या मधोमध येत, एकेक कमी होत शेवटी चार उरतात. एकूण 37 ठिपके आणि षटकोनी आकार. ते जोडत गेलं की कमळ किंवा कुयरी तयार होते, आत रंग भरला की ठिपके दिसेनासे होतात. म्हणजे ठिपका हा नुसता आधार, अर्थ आकृतीचा. कमळ काढलं तर ते लक्ष्मीचं.

सिक्कु कोलममध्ये रेघ ठिपक्याला शिवत नाही, त्याच्याभोवती वळसा घालते. ठिपके शेवटपर्यंत उघडे राहतात. पहाटे दारापुढे काढलेल्या या कोलममध्ये रेघेचं तोंड उघडं राहू नये, ती जिथून निघाली तिथे परत यावी, असा संकेत आहे. बंद रेघेतून वाईट आत शिरत नाही, अशी श्रद्धा. इथे अर्थ आकृतीपेक्षा रेघेत आहे.

'अख्खा कोलम एकाच रेघेत असतो' हे मात्र नेहमी खरं नसतं. समजा, फोटोत तीन ओळी आहेत आणि प्रत्येकीत चार ठिपके. रेघ तिरकी जाते, शेजारच्या दर दोन ठिपक्यांमध्ये स्वतःला छेदते आणि कडेला वळते. अशा साध्या विणीत किती रेघा लागतील, ते दोन्ही आकड्यांचा मसावि सांगतो. 3 आणि 4 चा मसावि 1, म्हणून एकच रेघ. तीन ओळींत तीन-तीन ठिपके असतील तर मसावि 3, म्हणून तीन वेगळे फेरे. ते एक करायचे तर दोन फेऱ्यांच्या छेदाच्या जागी रेघा न छेदता वळवाव्या लागतात. असं दोनदा केलं की तिन्ही फेरे एक होतात, पण सममिती बिघडू शकते.

तिरक्या फोटोत एक फसगत हमखास होते. चौकोनी मांडणी कोपऱ्यातून पाहिली की 'मधले ठिपके' वाटते. आतल्या ठिपक्याचे अगदी जवळचे शेजारी मोजा: चार असतील तर चौकोनी, सहा असतील तर मधले.

गेरूच्या पट्ट्यावरून काही ठरवू नका. तो दोन्हीकडे असतो. आणि तमिळ घरांत ठिपके जोडून काढलेले कोलमही असतात, त्यामुळे फोटोवरून पद्धत कळते, गाव नाही. आमचा फोटो चेन्नईचा होता, हे पाठवणारीनेच लिहिलं होतं.