व्हर्च्युअलबॉक्समधली थ्री-डीची खूण आणि व्हिडिओ मेमरीचा आकडा: पार्श्वभूमी

एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये थ्री-डी प्रवेगाची खूण आणि व्हिडिओ मेमरीची पट्टी जवळजवळच असतात. त्यामुळे मेमरी वाढवली की खिडक्यांचे इफेक्ट आपोआप सुरळीत होतील, असा बऱ्याच जणांचा समज होतो. पण या दोन गोष्टी वेगवेगळ्या गरजांतून आल्या आहेत आणि त्यांची कामेही निराळी आहेत.

सुरुवातीला गेस्टला, म्हणजे आतल्या आभासी संगणकाला, मिळणारे ग्राफिक्स कार्ड अगदी साधे होते. पडद्याचे चित्र साठवण्यापुरती मेमरी, एवढेच त्याचे रूप. थ्री-डी आले डिसेंबर 2008 मधल्या 2.1 आवृत्तीत, तेही विंडोज गेस्टसाठी आणि प्रायोगिक म्हणून. 2009 मध्ये लिनक्स गेस्टची पाळी आली. त्यासाठी स्टॅनफर्डमध्ये उगम असलेली क्रोमियम ही प्रणाली वापरली होती. गूगलच्या ब्राउझरशी तिचा काही संबंध नाही. अनेक संगणक जोडून भिंतभर पडद्यांवर एकच दृश्य उभे करायचे, तर ओपनजीएल या रेखाटन-पद्धतीच्या आज्ञा एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोचवाव्या लागतात, आणि क्रोमियम ते काम करत असे. व्हर्च्युअलबॉक्सने तीच युक्ती गेस्ट आणि होस्ट, म्हणजे खरा संगणक, यांच्यात बसवली. गेस्ट आज्ञा देई आणि होस्टचे खरे कार्ड चित्र काढी. ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. त्या काळच्या लिनक्स गेस्टमध्ये ग्राफिक्सची माहिती दाखवणारे `glxinfo` चालवले की रेंडररच्या जागी `Chromium` असे चक्क लिहून येई. विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी या स्वतःच्या पद्धतीसाठी, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन प्रकल्पाचा कोड घेऊन आज्ञांचे ओपनजीएलमध्ये रूपांतर केले जाई.

तोवर ही सोय प्रामुख्याने खेळांसाठी होती. 2011 मध्ये चित्र पालटले. नोम 3 आणि उबंटूचा युनिटी हे लिनक्सचे नवे डेस्कटॉप आले, आणि डेस्कटॉपची प्रत्येक खिडकी कार्डाकडून रंगवून घेण्याची पद्धत रूढ झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये 4.1 आवृत्तीत विंडोजच्या एरो या पारदर्शक खिडक्यांच्या इफेक्टसाठी प्रायोगिक ड्रायव्हर आला. पुढे नोम 3.8 ने जुना साधा मोड काढून टाकला. कार्ड नसेल तर `llvmpipe` हे सॉफ्टवेअर हेच काम प्रोसेसरकडून करून घेते. डेस्कटॉप दिसतो, पण खिडकी ओढली की अडखळते आणि प्रोसेसरचा भार चढतो.

क्रोमियमचा मार्ग मात्र टिकला नाही. गेस्टमधून येणारा आज्ञांचा प्रवाह होस्टवर उलगडताना सुरक्षेच्या गंभीर चुका सापडत गेल्या. 6.0 ने व्हीएमवेअरच्या आभासी कार्डाचे अनुकरण करणारा `VMSVGA` हा ग्राफिक्स कंट्रोलरचा पर्याय थ्री-डीसकट दिला आणि डिसेंबर 2019 च्या 6.1 मध्ये जुना मार्ग बंद झाला. म्हणून जुन्या मार्गदर्शनातला `VBoxVGA` निवडून खूण केली, तर आज थ्री-डी मिळत नाही. लिनक्स गेस्टसाठी `VMSVGA` आणि विंडोजसाठी `VBoxSVGA` निवडायचा. विंडोजमध्ये गेस्ट ॲडिशन्स हे गेस्टमध्ये बसवायचे ड्रायव्हरही हवेतच.

आता मेमरीकडे वळू. या आकड्यात मुख्यतः पडद्यांची चित्रे मावायची असतात. 1920×1080 च्या पडद्याला प्रत्येक ठिपक्यामागे 4 बाइट धरले, तर 82,94,400 बाइट लागतात. दोन पडद्यांना 1,65,88,800. आणि 16 एमबी म्हणजे 1,67,77,216 बाइट. कागदावर दोन पडदे मावतात, पण उरतात जेमतेम 1,88,000 बाइट. गेस्ट आणि होस्ट यांच्यातल्या निरोपांसाठीही याच मेमरीतून जागा राखली जाते, म्हणून प्रत्यक्षात हा आकडा अपुरा पडतो. मग दुसरा पडदा काळाच राहतो किंवा रिझोल्यूशन ठरावीक पायरीच्या वर जातच नाही. फोर-केचा एकच पडदा 3,31,77,600 बाइट घेतो, म्हणजे तिथे 32 एमबी जवळजवळ भरून जातात.

इफेक्ट आणि दोन पडदे दोन्ही हवे असतील, तर मशीन बंद ठेवून मी हे देतो:

```
VBoxManage modifyvm "ubuntu" --graphicscontroller vmsvga
VBoxManage modifyvm "ubuntu" --accelerate3d on --vram 128 --monitorcount 2
```

सेटिंगच्या खिडकीतली पट्टी सहसा 128 एमबीपर्यंत जाते. या आज्ञेने 256 पर्यंतही जाता येते, पण त्याने गती वाढत नाही, कारण रेखाटनाचा भार होस्टच्या कार्डावर असतो. फरक कळायला गेस्टमध्ये `glxinfo -B` चालवावे. `SVGA3D` दिसले तर खूण लागू पडली आहे. `llvmpipe` दिसले, तर मेमरी कितीही वाढवा, इफेक्ट अडखळतच राहतील. तेव्हा आधी कंट्रोलर कोणता निवडला आहे ते पाहावे, मग होस्टचा ग्राफिक्स ड्रायव्हर. थ्री-डी चालू करताच पडदा काळा पडला, तर खूण काढून मशीन एकदा सुरू करून पाहावे. तशी ती नीट चालली, तर दोष मेमरीच्या आकड्यात नसून थ्री-डीच्या मार्गात आहे. अविश्वासू सॉफ्टवेअर तपासायला ठेवलेल्या गेस्टमध्ये मात्र ही खूण करूच नये. गेस्टला होस्टच्या ग्राफिक्स ड्रायव्हरपर्यंत वाट मिळते, ती बंद ठेवलेलीच बरी.