क्यूटी लांबला, पण नेमका कुठे?

ईसीजीच्या यंत्रातून कागद बाहेर येतो तेव्हा त्याच्या माथ्यावर यंत्राने काही आकडे छापलेले असतात. त्यातला एक क्यूटी. ठोका सुरू झाल्यापासून हृदयाचे खालचे कप्पे पुन्हा विजेच्या दृष्टीने शांत होईपर्यंतचा हा वेळ. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं तरी हा आकडा वाढलेला दिसतो आणि कॅल्शियम कमी झालं तरी. दोन अगदी वेगळे बिघाड, आकडा मात्र एकच. म्हणून आकडा वाचून न थांबता रेषेकडे पाहावं लागतं.

समजा, बासष्ट वर्षांच्या एक आजी आहेत. बीपीसाठी रोज लघवी वाढवणारी गोळी घेतात. तीन दिवस जुलाब झाले, तरी गोळी चालूच राहिली. आता पायांत बळ नाही, जिना चढवत नाही. ईसीजी काढला तर नाडी मिनिटाला साठ आणि यंत्राने छापलेला क्यूटी ६०० मिलिसेकंद! साठच्या नाडीला तो साधारण ४४० ते ४६० च्या आत हवा. कागदावरचा एक लहान चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद, म्हणजे इथे अकराच्या जागी पंधरा चौकोन.

ईसीजीत हृदयाची वीज वेगवेगळ्या बाजूंनी टिपणाऱ्या रेषांना लीड म्हणतात. त्यांतल्या छातीवरच्या व्ही२ आणि व्ही३ या लीडमध्ये नीट पाहिलं की उलगडा होतो. खालचे कप्पे शांत होताना उमटते ती टी लाट, आणि तिच्या शेवटाशीच क्यूटी संपतो. एरवी ठसठशीत उठणारी ही लाट इथे जवळजवळ आडवी झालीय आणि तिच्यामागे दुसरीच एक लाट वर आलीय. ही यू लाट. निरोगी माणसात ती इतकी लहान असते की लक्षातही येत नाही. यंत्राने तिलाच टी समजून तिच्या शेवटापर्यंत मोजलं. जिथे यू सर्वांत कमी दिसते अशा एव्हीएल लीडमध्ये हाताने मोजलं तर क्यूटी निघतो ४२०. रक्ताचा रिपोर्ट येतो: पोटॅशियम २.४. ते किमान ३.५ असायला हवं.

असं का होतं? ठोका झाल्यावर पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पूर्वपदावर येते. बाहेर पोटॅशियम कमी असेल तर ते आतून जास्त जोरात बाहेर यायला हवं, असं आपल्याला वाटेल. पण ज्या दारांतून ते बाहेर पडतं, त्यांतली काही महत्त्वाची दारं बाहेरचं पोटॅशियम घटलं की नीट उघडत नाहीत. मग शेवटचा टप्पा रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यातच जीवघेण्या वेगाचे ठोके सुरू होऊ शकतात.

आता दुसरा कागद. थायरॉइडचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेत, ओठांभोवती मुंग्या येतायत, बोटं आखडतायत. नाडी तीच साठ, क्यूटी ५२०, म्हणजे तेरा चौकोन. इथे टी लाट अगदी नेहमीसारखी आहे, यू कुठेच नाही. लांबलाय तो तिच्या आधीचा सपाट भाग, एसटी. दोनतीन चौकोनांच्या जागी तो सात चौकोन सरळ जातो. कॅल्शियम निघतं ६.४, खालची मर्यादा साधारण ८.५. थायरॉइडला चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ऑपरेशनमध्ये दुखावल्या होत्या.

एसटीचा सपाट भाग म्हणजे कॅल्शियम पेशीत शिरण्याचा वेळ. बाहेर ते भरपूर असलं की त्याची दारं लवकर मिटतात, कमी असलं की उशिरा. त्यामुळे कॅल्शियम वाढलं की बरोबर उलटं घडतं: सपाट भाग उरतच नाही, ठोक्याच्या टोकदार रेषेला खेटूनच टी उगवते आणि क्यूटी आखूड होतो. आपल्याकडे याचं एक टाळता येण्यासारखं कारण म्हणजे डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची, आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी कुणीतरी महिनोन्महिने रोज घेत राहणं.

कॅल्शियमवाचून हृदय चालत नाही हे सिडनी रिंगर यांना लंडनमध्ये योगायोगाने कळलं. बेडकाचं हृदय त्यांच्या मिठाच्या द्रावणात छान धडधडत होतं. पण द्रावण नळाच्या पाण्यात कालवलेलं होतं. शुद्ध पाणी वापरताच धडधड मंदावून थांबली. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियमच ते हृदय चालवत होतं, हे त्यांनी १८८३ मध्ये छापलं.

ईसीजी साधा आला म्हणून क्षार ठीक आहेत असं मात्र धरता येत नाही. थोड्याफार फरकात कागदावर काहीच दिसत नाही, आणि टी लाट चपटी व्हायला इतरही कारणं असतात. रक्ततपासणी लागतेच. आजींच्या बाबतीत आणखी एक अडचण येऊ शकते. पोटॅशियम सलाइनमधून हळूहळू, तासाला साधारण १० मिलिइक्विव्हॅलंट या गतीने दिलं (ते झटक्यात दिलं तर हृदय बंद पडतं), तरी दुसऱ्या दिवशी आकडा जेमतेम २.६. अशा वेळी मॅग्नेशियम तपासायचं. जुलाब आणि लघवीची गोळी दोन्हींतून तेही निघून जातं, आणि ते कमी असेपर्यंत मूत्रपिंड दिलेलं पोटॅशियम लघवीतून सोडतच राहतं. मॅग्नेशियम भरून काढलं की पोटॅशियम अंगात टिकू लागतं, व्ही३ मधली यू लाट ओसरते आणि टी पुन्हा डोकं वर काढते.